आईच्या दंडावरची लस आणि बाळाचे पहिले सहा आठवडे

प्रश्न: मिसेसना २५ वा आठवडा चालू आहे. आम्ही तासगाव तालुक्यातले. गावच्या आरोग्य केंद्रात टीटीची दोन इंजेक्शनं झालीत. सांगलीच्या मॅडम आता डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्या म्हणतात. आई म्हणते, आमच्या वेळी दोनच होती आणि पोरं धडधाकट झाली. एवढ्या लसी खरंच लागतात का? आणि टोचायचं आईला तर ते बाळाला पोचतं कसं?

उत्तर: दोन्ही घ्या. डांग्या खोकल्याची लस २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्यायची असते, आणि त्यातही सुरुवातीला घेतलेली बरी. म्हणजे तुमच्या हिशेबानं अजून दोन-तीन आठवड्यांनी. फ्लूची आज घेतली तरी चालते. धनुर्वाताची दोन झालीत, ती आता परत नकोत.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. गरोदरपणातल्या लसींबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञानं बोलावं असा रिवाज आहे खरा, पण या लसी चुकल्या की त्याचा त्रास आमच्या वॉर्डात येतो, म्हणून मी लिहिते.

आधी तुमच्या आईंच्या म्हणण्याबद्दल. त्या बरोबरच सांगतायत, फक्त त्यातली एक गोष्ट त्यांना कुणी कधी समजावून सांगितली नसणार. त्यांच्या वेळची ती दोन इंजेक्शनंसुद्धा बाळासाठीच होती. जुन्या काळी घरी बाळंतपण व्हायचं, नाळ विळ्यानं किंवा हाताशी असेल त्या पात्यानं कापायची, वर कुणी राख लावायचं, कुणी शेण. जन्मल्यावर चांगलं दूध ओढणारं बाळ पहिल्या आठवड्यात अचानक ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. तो नवजात बाळाचा धनुर्वात. त्यावर बाळाला लस देऊन उपयोग नव्हता, कारण जन्मल्यावर टोचलेल्या लसीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला जो वेळ लागतो त्याच्या आतच ते बाळ जायचं. म्हणून लस आईला दिली. आईच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला आणि त्याच्या विषाला अडवणारी प्रथिनं, तयार झाली, ती वारेतून बाळाकडे गेली आणि बाळ ती घेऊनच जन्माला आलं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. त्यात दवाखान्यातल्या बाळंतपणांचा वाटा आहेच, पण दंडावरच्या त्या इंजेक्शनाचाही मोठा आहे. आता मॅडम जी लस सांगतायत ती त्याच वाटेनं काम करते. फक्त रोग दुसरा आहे.

जाता जाता हेही सांगते, गावाकडं सगळे अजून 'टीटी' म्हणत असले तरी उपकेंद्रावर आता मिळते ती टीडी. त्यात धनुर्वातासोबत घटसर्पाचाही भाग असतो. गरोदरपण लक्षात आल्यावर लवकरात लवकर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. आधीच्या गरोदरपणात दोन झालेले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील तर एकच बूस्टर पुरतो. ही सरकारी यादीतली लस, फुकट मिळते. डांग्या खोकल्याची मात्र गरोदर बायांसाठी सरकारी कार्यक्रमात नाही. ती खासगीतून विकत घ्यावी लागते आणि तिला हजाराच्या वर पैसे जातात, म्हणून घरात हा प्रश्न उभा राहतो हे मला माहीत आहे.

डांग्या खोकल्याचीच लस का, ते एका बाळावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव-घर सांगत नाही. पाच आठवड्यांचं बाळ, दिवस भरून जन्मलेलं, वजन चांगलं. आई म्हणाली, "मॅडम, ताप नाही, सर्दी थोडीशीच आहे, पण पिता पिता मधेच थांबतंय आणि ओठ काळे पडतायत." तपासताना बाळ शांत झोपलेलं, छाती साफ. दहा मिनिटांनी सिस्टरनं हाक मारली. बाळ चार-पाच वेळा बारीक खोकलं, चेहरा लाल झाला, मग निळा, आणि मग श्वासच थांबला. पाठ चोळली, ऑक्सिजन लावला, तेव्हा परत घेतला. डांग्या खोकल्यात 'हूप' असा आवाज येतो असं पुस्तकात असतं, पण इतक्या लहान बाळात तो बहुतेक वेळा येतच नाही. खोकून झाल्यावर जोरात श्वास ओढायची ताकदच त्याच्यात नसते. खोकला कमी आणि श्वास थांबणं जास्त, असं ते दिसतं, आणि म्हणूनच ओळखायला उशीर होतो. रक्तात पांढऱ्या पेशी चाळीस हजारांच्या वर होत्या, त्यातही लिम्फोसाइट जास्त. साध्या न्यूमोनियात असं चित्र सहसा दिसत नाही. नाकातल्या स्वॅबची पीसीआर तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली.

मग घरात कोण खोकतंय ते विचारलं. आधी सगळे "कुणी नाही" म्हणाले. नंतर आजीला आठवलं की बाळाच्या काकाला तीन आठवडे झाले रात्रीचा खोकला आहे, खोकता खोकता उलटी होते, दोन बाटल्या औषध झालं तरी जात नाही. मोठ्या माणसात हा रोग असाच असतो. तो कामावर जातो, फडावर जातो, रात्री खोकतो आणि बाळाला मांडीवर घेतो. लहानपणी त्यानं लस घेतलेली असते, पण तिचा असर काही वर्षांत ओसरतो. बाळाला अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं आणि घरातल्या सगळ्यांनाही दिलं. औषधानं जंतू मरतो, दुसऱ्याला लागण होणं थांबतं, पण जंतूनं आधीच सोडलेलं विष आपलं काम करत राहतं. त्यामुळं श्वास थांबण्याचे झटके औषध चालू असूनही बरेच दिवस येत राहिले. बाळ घरी गेलं, ठीक आहे. सगळीच जात नाहीत.

या बाळाच्या आईच्या कार्डावर टीडीचे दोन्ही डोस वेळेवर लिहिलेले होते. टीडीत डांग्या खोकल्याचा भाग नसतो. आणि बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस, म्हणजे पेंटाव्हॅलंट, आपल्याकडं सहाव्या आठवड्यात मिळते. मग दहाव्या आणि चौदाव्यात. पहिला डोस घेतला की लगेच कवच तयार होत नाही, खरं संरक्षण दोन-तीन डोसांनंतर येतं. म्हणजे जन्मापासून जवळजवळ तीन महिने बाळ उघडं असतं, आणि या रोगानं जीव जातो तो मुख्यतः याच वयात. ही फट भरायला आईच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांइतका भरवशाचा दुसरा मार्ग आज तरी आपल्या हाताशी नाही.

आता ते पोचतं कसं. लस दंडाच्या स्नायूत जाते. तिच्यात जिवंत जंतू नसतो. धनुर्वात आणि घटसर्पाचं निकामी केलेलं विष, डांग्या खोकल्याच्या जंतूचे काही निवडक तुकडे आणि थोडा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, एवढंच अर्धा मिलिलिटरमध्ये असतं. बाळाकडे लस जात नाही. आईचं शरीर तिला उत्तर म्हणून प्रतिपिंडं बनवतं आणि ती जातात.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेचा बाहेरचा थर आईच्या रक्तात बुडालेला असतो आणि आतल्या बारीक केशवाहिन्यांत बाळाचं रक्त फिरत असतं. मधल्या भिंतीतून साखर, ऑक्सिजन अशा लहान गोष्टी जातात, पण प्रतिपिंड हा मोठा रेणू आहे, तो आपोआप पलीकडे जाऊ शकत नाही. त्याला न्यावं लागतं. बाहेरच्या थरातल्या पेशी आईच्या रक्तातला द्रव थेंबाथेंबानं आत घेतात. पेशीच्या आत त्या थेंबाभोवतीचं वातावरण आम्लधर्मी होतं, आणि आम्लात एफसीआरएन नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीतला पकडून ठेवणारा रेणू, आयजीजी जातीच्या प्रतिपिंडाची शेपटी घट्ट पकडतो. तसाच धरून तो ते पलीकडच्या बाजूला नेतो. तिथं बाळाच्या रक्ताकडची बाजू आम्लधर्मी नसते, त्यामुळं पकड सुटते आणि प्रतिपिंड बाळाकडे जातं. हा रिसेप्टर फक्त आयजीजी ओळखतो. आयजीएम आणि आयजीए या जातींना तो धरत नाही, म्हणून त्या वारेतून जात नाहीत. आयजीजीतही चार उपप्रकार आहेत आणि त्यातला पहिला सगळ्यात चांगला जातो. सुदैवानं टीडी किंवा डांग्या खोकल्याच्या लसीसारख्या प्रथिनांच्या लसींना शरीर बहुतांशी त्याच उपप्रकारात उत्तर देतं.

हे काम नेटानं आतून चाललेलं असतं, पण सुरुवातीला संथ. साधारण तेराव्या आठवड्यापासून थोडं थोडं सुरू होतं. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी असते. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास ती आईच्या निम्म्यावर येते. शेवटचे चार आठवडे मात्र जोराचे असतात. दिवस भरून जन्मलेल्या बाळात आयजीजीची पातळी आईपेक्षाही थोडी जास्त निघते.

तुमच्याकडं जनावरं असतील तर हे लगेच लक्षात येईल. गाईची वार प्रतिपिंडं जाऊच देत नाही. वासरू रिकाम्या हातानं जन्मतं, म्हणून पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजायचाच असतो, ती प्रतिपिंडं त्याच्या आतड्यातून रक्तात जातात. माणसाचं उलटं आहे. माणसाच्या बाळाला रक्तातला साठा वारेतून आधीच मिळालेला असतो. आईचा चीकही पाजायचाच, त्यातलं आयजीए बाळाच्या घशाचं आणि आतड्याचं रक्षण करतं, पण ते रक्तात फारसं उतरत नाही. त्यामुळं "अंगावर पाजतेय, मग लस कशाला" हे गणित डांग्या खोकल्याला लागू पडत नाही.

आता तारखेचा मुद्दा, कारण माझ्या अनुभवात लस घेऊनही फायदा वाया जातो तो इथं. टोचल्यावर आईच्या रक्तातली पातळी वर चढायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर ती वारेतून जायला वेळ हवा. तुमच्या मिसेसनी २८ व्या आठवड्यात घेतली तर ३० व्या आठवड्यापर्यंत आईकडं भरपूर साठा तयार, आणि बाळंतपण ४० व्या आठवड्यात धरलं तर पुढचे दहा आठवडे तो बाळाकडं जात राहणार. त्यातच शेवटचा जोराचा काळ पूर्ण मिळतो. तीच लस ३६ व्या आठवड्यात घेतली आणि बाळ ३७ व्यात आलं, तर आईची पातळी चढायच्या आधीच वारेचं काम संपलेलं. कार्डावर लस झाली असं लिहिलेलं असतं, बाळाकडं मात्र फार थोडं पोचलेलं असतं.

उलट बाजूनंही बघा. समजा काही कारणानं बाळ ३२ व्या आठवड्यातच जन्मलं. लस २८ व्यात झाली असेल तर निदान निम्म्याच्या आसपास साठा घेऊन येईल. झालीच नसेल तर हातात काही नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा रोग जास्त वाईट जातो. म्हणून जुळं असेल, आधी लवकर बाळंतपण झालेलं असेल किंवा पिशवीचं तोंड लहान असल्याचं सांगितलं असेल, तर थांबत बसू नका, हा विषय पाचव्या-सहाव्या महिन्यातच डॉक्टरांकडं काढा. ब्रिटननं २०१२ मध्ये साथ आली तेव्हा २८ व्या आठवड्यापासून ही लस सुरू केली आणि २०१६ मध्ये ती अलीकडे ओढून १६ व्या आठवड्यापासून केली. त्याचं एक कारण हेच होतं. तिथं आईनं वेळेवर लस घेतलेल्या अगदी लहान बाळांत या रोगापासून सुमारे नव्वद टक्के संरक्षण दिसलं. शंभर नाही, हेही लक्षात ठेवा.

बाळाकडं आलेला साठा बाळ स्वतः बनवत नाही, म्हणून तो फक्त कमी होत जातो. डांग्या खोकल्याची आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण पाच आठवड्यांत निम्मी होतात असं धरा. जन्मताना शंभर असतील तर पाच आठवड्यांनी पन्नास, दहा आठवड्यांनी पंचवीस, पंधरा आठवड्यांनी बारा-तेरा. आणि याच काळात, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, बाळाचे स्वतःचे डोस होत असतात. आईचं उतरत जातं, बाळाचं चढत येतं. डांग्या खोकल्यासाठी 'इतकी पातळी म्हणजे सुरक्षित' असा ठरलेला आकडा विज्ञानाकडं नाही, त्यामुळं बाळाचं रक्त तपासून खात्री करू म्हणालात तर तसा रिपोर्ट निघत नाही. मात्र सुरुवात जितकी वरून, तितकी फट लहान, हे नक्की. म्हणूनच "लस आईनं घेतलीय, मग बाळाची पेंटा थोडी उशिरा दिली तरी चालेल" असं करू नका. बारशाला पाहुणे, मग जावळ, मग कुणाचं लग्न, असं करता करता सहा आठवड्यांची लस दहाव्या आठवड्यात आलेली मी नेहमी बघते.

एक शंका जाणकार पालक विचारतात, आईची प्रतिपिंडं आधीच असली तर बाळाची स्वतःची लस नीट लागते का? शंका बरोबर आहे. आईकडून जास्त प्रतिपिंडं आलेल्या बाळांत पहिल्या काही डोसांना उत्तर थोडं कमी येतं, असं तपासण्यांत दिसलं आहे. पण ही बाळं पुढं जास्त आजारी पडतात, असं दिसलेलं नाही. आणि जो धोका टाळायचा आहे तो पहिल्या तीन महिन्यांतला आहे. गोवर-रुबेलाची लस आपण नवव्या महिन्यापर्यंत का थांबवतो, त्याचंही कारण हेच. आईची गोवराची प्रतिपिंडं असेपर्यंत ती जिवंत लस नीट लागत नाही.

तुमच्या मिसेसच्या बाबतीत अजून एक अडचण म्हणजे टीडीचे दोन डोस आधीच झालेत. डांग्या खोकल्याची जी लस मोठ्यांसाठी मिळते ती एकटी मिळत नाही, टीडॅप म्हणून धनुर्वात आणि घटसर्पासोबतच येते. सुरुवातीलाच ठरवलं असतं तर दुसऱ्या टीडीच्या जागी टीडॅप घेता आली असती. आता काही बिघडलं नाही. टीडीनंतर अमुक दिवस थांबायलाच हवं असा नियम नाही. हात थोडा जास्त दुखेल, सुजेल, एक-दोन दिवस कसकस येईल. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावी. आधी याच लसीनं गंभीर अ‍ॅलर्जी आली असेल तर मात्र घेऊ नये, आणि सध्या चांगला ताप असेल तर तो उतरू द्यावा. पुढच्या वेळी दिवस राहतील तेव्हा टीडॅप पुन्हा घ्यावी लागेल. कारण या रोगाविरुद्धची आईची पातळी वर्ष-दोन वर्षांत खाली येते, आणि बाळाला न्यायला त्या वेळी आईकडं साठा भरलेला हवा.

फ्लूचं थोडक्यात सांगते. ती कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत लस नको, इंजेक्शनाची निष्क्रिय लसच घ्यायची. इथं फायदा दोघांना आहे. शेवटच्या महिन्यांत पोटाचा भार फुप्फुसावर येतो, आणि गरोदर बाईला फ्लू झाला तर तो न्यूमोनियावर जायची भीती जास्त असते. २००९ च्या स्वाइन फ्लूत हे जगभर दिसलं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळं त्याच्याकडं असतील ती आईचीच प्रतिपिंडं. लसीतले विषाणू दर वर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षी घेतलेली यंदा मोजायची नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घेता आली तर उत्तम, कारण आपल्याकडं फ्लू पावसात वाढतो. टीडॅपसोबत एकाच दिवशी, दुसऱ्या दंडावर, दिली तरी चालते.

परदेशात आरएसव्ही नावाच्या विषाणूवरची लसही गरोदर आईला देतात, अमेरिकेत २०२३ पासून ३२ ते ३६ या आठवड्यांत. वाट तीच, वारेची. लहान बाळांची छाती भरण्यामागं हा विषाणू मोठ्या प्रमाणावर असतो, म्हणून तिचं नाव कानावर पडलं तर गोंधळू नका. तुमच्या यादीत आज दोनच आहेत.

ज्या घ्यायच्या नाहीत त्या म्हणजे जिवंत लसी: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी. रुबेलाची लस लग्नानंतर, दिवस राहण्याआधी किमान महिनाभर घ्यायची असते. कुणी नकळत घेतली आणि नंतर दिवस असल्याचं कळलं, तर त्यासाठी गर्भ पाडायची गरज नाही. या भीतीनं पाडायला निघालेली जोडपी असतात, म्हणून स्पष्ट लिहिते. राहून गेली असेल तर बाळंतपणानंतर घ्या, अंगावर पाजत असतानाही चालते. आणि कुत्रं चावलं तर गरोदरपण आहे म्हणून रेबीजची लस थांबवायची नाही. जखम साबणानं भरपूर वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. दात कातडीच्या आत गेला असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही द्यायचं. रेबीज झाला तर आई वाचत नाही, बाळही नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण अडचण येते ती इथंच. पहिलं बाळंतपण असेल तर सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मिसेस माहेरी जातील. समजा माहेर कोरेगावकडं किंवा कऱ्हाडला असेल. टीडॅपचा मोका नेमका याच आठवड्यांत येतो. सांगलीच्या मॅडमना वाटतं माहेरचे डॉक्टर देतील, तिकडच्यांना वाटतं सांगलीत झाली असेल. म्हणून निघायच्या आधी सांगलीतच घ्या. नाही जमलं तर माहेरी पोचल्यावर पहिल्याच तपासणीला माता-बाल संरक्षण कार्ड पुढं करा आणि "टीडॅप बाकी आहे" असं स्वतःहून सांगा. घेतल्यावर तारीख, लसीचं नाव आणि बॅच नंबर त्या कार्डावर लिहून घ्या. नुसतं "इंजेक्शन दिलं" लिहिलेलं असेल तर पुढचा डॉक्टर ते टीडी समजतो. कुणाकुणाला तर रक्तगट निगेटिव्ह असल्यानं २८ व्या आठवड्यात अँटी-डी दिलेलं असतं आणि घरचे तेच लस म्हणून सांगतात. ते वेगळं औषध आहे, त्यानं डांग्या खोकला थांबत नाही.

दुसरी गोष्ट लस आणण्याची. काही जण मेडिकलमधून टीडॅप विकत घेतात आणि मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून गावाकडं नेतात, उन्हाळ्यात सुद्धा. तसं नको. ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची असते. त्याहून मोठी चूक म्हणजे घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा बर्फाच्या लादीला चिकटवून आणणं. गोठलेली लस वितळल्यावर वरवर सारखीच दिसते, पण तिचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग गुठळ्या होऊन खाली बसतो आणि ती निकामी होते. नीट हलवल्यावर ती एकसारखी दुधी दिसायला हवी. पांढरे कण वेगळे होऊन खाली बसत असतील तर ती घ्यायची नाही. शक्यतो जिथं लस फ्रिजमध्ये ठेवलेली आहे तिथंच टोचून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसून मग निघा.

आणि बाळ आल्यावर घरात ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, त्याला बाळ घेऊ देऊ नका, मग तो आजोबा असो की मामा. रुसला तरी चालेल. मॅडमना विचारून घरातल्या सांभाळणाऱ्या मोठ्यांनाही टीडॅपचा एक डोस देता येतो, पण पैशाचा प्रश्न असेल तर आधी आईची घ्या, कारण वारेतून बाळाकडं जातात ती फक्त तिचीच प्रतिपिंडं. बाळ पिता पिता थांबत असेल, खोकल्यावर ओठ निळे पडत असतील किंवा क्षणभर श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर ताप नाही म्हणून सकाळपर्यंत वाट बघू नका, त्याच रात्री घेऊन या. येताना मोबाईलवर त्या झटक्याचा व्हिडिओ काढता आला तर काढा. आमच्यासमोर ते बाळ बहुतेक वेळा शांत झोपलेलं असतं.